गणितानंतर लगेच फिजिक्स नको : अभ्यासाच्या दिवसात विषयांचा क्रम कसा लावायचा

माझ्या भाचीच्या कपाटावर नोव्हेंबरात एक वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तीन रंगांच्या स्केचपेननं केलेलं, पट्टीनं आखलेलं. सकाळी तीन तास गणित, मग तीन तास फिजिक्स, दुपारी दोन तास केमिस्ट्री आणि रात्री ‘भाषा’. बारावी सायन्सच्या निम्म्या घरांत असंच वेळापत्रक असतं. मी नाशिकच्या सिडकोत गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे असे कागद मला दरवर्षी दिसतात. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, “मामा, तास होतात हो आठ, पण फिजिक्सला बसले की डोक्यात इंटिग्रेशनच चालू असतं. अकरा वाजेपर्यंत मी संपलेली असते.”

तास कमी नव्हते, मुलगीही आळशी नव्हती. क्रम चुकला होता. तो आम्ही कसा बदलला ते सगळं इथे लिहितो. उदाहरण बारावीचं आहे, बोर्ड आणि सीईटी दोन्ही देणाऱ्या, फिजिक्स-केमिस्ट्री-गणित घेतलेल्या मुलीचं. दिवस डिसेंबरातले, जेव्हा कॉलेज जवळपास संपतं आणि अख्खा दिवस हातात असतो.

आधी तीन दिवस नुसतं बघायचं

नवीन वेळापत्रक लगेच करायचं नाही. जुनंच तीन दिवस चालू ठेवायचं, पण शेजारी एक शंभरपानी वही ठेवायची. दर अर्ध्या तासाला तिच्यात एक ओळ लिहायची आणि तीत विषयाच्या नावाऐवजी आपण नेमकं काय केलं ते लिहायचं. ‘केमिस्ट्री’ असं लिहिलं तर उपयोग शून्य. ‘अमाइन्सचे गुणधर्म पहिल्यांदा वाचले’, ‘ग्रुप १७ न बघता लिहून काढला’, ‘सोल्यूशन्सची पाच गणितं सोडवली’ असं लिहायचं.

ओळीच्या शेवटी थकव्याची खूण टाकायची. खूण कशाची ते ठरवून घ्यावं लागतं, कारण ‘कंटाळा आला’ हे सगळेच लिहितात. आम्ही तीन गोष्टी धरल्या. एकच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली, वरच्या ओळीतला उणे खाली उतरवताना अधिक झाला, किंवा गणित दोन मिनिटं अडलं की हात लगेच मागच्या उत्तराकडे गेला. यातलं काही झालं की ओळीपुढे फुली.

तीन दिवसांनी वहीत जे दिसलं त्यानं तिलाच आश्चर्य वाटलं. फुल्या विषयाप्रमाणे पडल्याच नव्हत्या, कामाप्रमाणे पडल्या होत्या. गणितातले मॅट्रिक्सचे ओळखीचे प्रश्न तिनं पाऊण तास एकही फुली न पडता सोडवले होते. उलट ‘केमिस्ट्री सोपी’ म्हणून दुपारसाठी ठेवलेल्या कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या आयसोमेरिझमवर चार फुल्या. कारण उघड आहे. तिथे रेणू डोक्यातल्या डोक्यात फिरवून बघावा लागतो.

म्हणून वजन विषयाला न लावता कामाला लावायचं. मी तीनच दर्जे ठेवतो. जड म्हणजे पहिल्यांदा समजून घ्यायची संकल्पना किंवा ज्याची पायरी आधी माहीत नाही असं गणित. मध्यम म्हणजे समजलेल्या प्रकाराची नवी उदाहरणं, किंवा रिॲक्शन्स एकमेकींशी जोडून बघणं. हलकं म्हणजे येत असलेलं न बघता लिहून काढणं, आकृत्या, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा लिहिलेलं डेरिव्हेशन, भाषेचं लेखन. बारकावे वाढवत बसलात तर वजनमापातच दिवस जाईल.

हे दर्जे कायमचे नसतात. रोटेशनल डायनॅमिक्समधलं एखादं डेरिव्हेशन पहिल्या दिवशी जड असतं, चौथ्या दिवशी हलकं होतं. त्यामुळे यादी दर रविवारी नव्यानं करायची.

हलकं म्हणजे नुसतं सोपं नाही

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबतो.

जड कामानंतर हलकं काम ठेवायचं, इतकं सगळ्यांना माहीत असतं. मग मुलं काय करतात, तर इंटिग्रेशनची अवघड गणितं झाली की इंटिग्रेशनचीच सोपी गणितं घेतात. किंवा थर्मोडायनॅमिक्समधली ‘सोपी’ उदाहरणं. पण आयसोथर्मल प्रक्रियेतलं काम काढायचं म्हणजे तिथेही दाबाचं आकारमानावर इंटिग्रेशनच आहे, तोच लॉग, त्याच मर्यादा. डोक्याचा जो भाग दीड तास राबला त्यालाच आपण पुन्हा कामाला जुंपतो, फक्त ओझं थोडं कमी करून. विश्रांती मिळत नाही.

दुसरी अडचण विसरण्याची आहे. एकसारख्या गोष्टी पाठोपाठ शिकल्या की एक दुसरीला पुसते. मॅकगिओक आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये हे साध्या प्रयोगानं दाखवलं. माणसांना विशेषणांची एक यादी पाठ करायला दिली, मग मधल्या थोड्या वेळात वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं काम दिलं आणि पहिली यादी पुन्हा विचारली. ज्यांना मध्ये समानार्थी विशेषणं पाठ करायला लावली ते सर्वांत जास्त विसरले. ज्यांना आकडे दिले ते बरेच कमी विसरले. आणि मधल्या वेळात विनोद वाचत बसलेल्यांना पहिली यादी सगळ्यांत चांगली आठवली.

भाचीच्या वहीत याचा चोख नमुना सापडला. अल्डिहाइड-कीटोनच्या धड्यात क्लेमेन्सन आणि वोल्फ-किश्नर अशा दोन रिडक्शन आहेत. दोन्हींत कार्बोनिल गटाचा CH₂ होतो. एकीत झिंक अमाल्गम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, दुसरीत हायड्राझीन आणि मग इथिलीन ग्लायकॉलमध्ये कॉस्टिक पोटॅश. तिनं दोन्ही एकाच बैठकीत, एकीखाली एक अशा पाठ केल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर झिंक अमाल्गमसोबत पोटॅश. “आलं होतं हो मामा, काल येत होतं!” काल येतच होतं, कारण काल दोन्ही समोर होत्या. तिसऱ्या दिवशी मी क्लेमेन्सन सकाळी आणि वोल्फ-किश्नर संध्याकाळी ठेवायला सांगितली, मध्ये गणित आणि मराठी. दोन्ही स्वतंत्र बसल्यावर मग एका कागदावर शेजारी मांडून फरक लिहायला लावला. तुलना करायचीच असते, पण आधी दोघींची वेगवेगळी ओळख झाल्यावर.

तर जड कामानंतर येणारं काम दोन कसोट्यांवर उतरलं पाहिजे : वजनाला कमी, आणि कच्चा माल वेगळा. कच्चा माल म्हणजे डोकं कशावर चालतं ते. चिन्हं-आकडे, शब्द-वाक्यं आणि चित्रं-आकार असे तीन ढोबळ प्रकार पुरतात. इंटिग्रेशन चिन्हांचं काम, त्यामुळे त्याच्यामागे शब्दांचं किंवा चित्रांचं. ग्रुप १६-१७-१८ मधल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म न बघता लिहिणं चालेल. सेमीकंडक्टरच्या धड्यातल्या रेक्टिफायरच्या सर्किट आकृत्या चालतील. फिजिक्समधली कपॅसिटरची उदाहरणं चालणार नाहीत, कितीही सोपी असली तरी.

जडाला जागा आधी द्यायची

वेळापत्रक भरायला वरून सुरुवात करायची नाही. कोऱ्या कागदावर आधी फक्त जड बैठका बसवायच्या. दिवसाला दोन पक्क्या, तिसरी जमली तर. एक बैठक दीड तासाची. चार जड बैठका आखणारी मुलं मी दरवर्षी बघतो. त्यांची चौथी बैठक प्रत्यक्षात वही उघडून बसण्याची असते.

जागा कोणती, हे तुमच्या फुल्यांच्या वहीवरून ठरवा. भाचीची सकाळ चांगली निघाली, त्यामुळे पहिली बैठक सव्वासहाला. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत त्या वेळी गोधडीतून निघणं ही वेगळी परीक्षा आहे, पण एकदा तोंडावर पाणी मारलं की ती जागी असते. तुमच्या वहीत सकाळी फुल्या आणि रात्री नऊनंतर स्वच्छ ओळी दिसत असतील तर पहाटेच्या नादी लागू नका, जड काम रात्री ठेवा. मात्र बोर्डाचे बरेचसे पेपर सकाळी अकराला सुरू होतात. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून एक जड बैठक तरी अकराच्या आसपास सरकवत न्या.

दुपारी एक ते तीन ही घसरणीची वेळ. जेवण हे त्याचं एकच कारण नाही. जेवण न करताही बहुतेकांची सतर्कता त्या वेळी थोडी उतरते, शरीराच्या घड्याळाचाच तो भाग आहे. त्या वेळात जड काम ठेवायचंच नाही.

आणि इथे माझी चूक सांगून टाकतो. पहिल्या आराखड्यात मी जेवणानंतर मराठीच्या कविता ठेवल्या होत्या. हलकं काम, वेगळा कच्चा माल, सगळं नियमात. भाची पुस्तक घेऊन गच्चीवर उन्हात बसली. थंडीतलं दुपारचं ऊन, पाठीशी पाण्याची टाकी. पावणेतीनला तिची आई कपडे काढायला गेली तेव्हा कविता तोंडावर उघडी होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की जेवणानंतरच्या कामात हात चालला पाहिजे. नुसतं वाचन नाही. आकृत्या काढायच्या, येणारं डेरिव्हेशन लिहायचं, रिॲक्शन्सचा साखळीतक्ता करायचा. आणि खुर्ची-टेबलाशी बसून, उन्हात नव्हे.

क्लास असेल तर तोही मोजा. भाचीला मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी कॉलेज रोडला दोन तास क्लास. तिथे नवीन धडा सुरू असतो, म्हणजे ती जड बैठकच झाली, वर बसचा प्रवास. त्या दिवशी घरची तिसरी जड बैठक रद्द. ही गोष्ट पालकांना पटायला वेळ लागतो. माझ्या बहिणीलाही लागला.

दोन विषयांमधला सांधा

क्रम बरोबर लावूनही जर पहिला विषय डोक्यातून निघत नसेल, तर दोष सांध्यात असतो. सोफी लिरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम खालावतं. पुढे २०१८ मध्ये तिनं थेरेसा ग्लॉम्बसोबत केलेल्या अभ्यासात एक साधा उपाय निघाला. काम सोडण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं की ही अडकण कमी होते. त्यांचा विषय नोकरीतली कामं होता, पण अडलेलं गणित सोडून उठलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

आमचा सांधा पंधरा मिनिटांचा आहे. बैठकीची शेवटची तीन मिनिटं लिहिण्याची. एके दिवशी भाची हे गणित घेऊन बसली होती :

∫ e²ˣ sin 3x dx

बाय पार्ट्‌स एकदा केलं, sin जाऊन cos आला. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा e²ˣ sin 3x. तिला वाटलं आपण गोल फिरतोय, काहीतरी चुकलं. वेळ संपत आली होती. पूर्वी तिनं आणखी पंधरा मिनिटं ओढली असती, नाहीतर चिडून वही मिटली असती आणि ते गणित पुढचा तासभर डोक्यात वाजत राहिलं असतं. या वेळी तिनं समासात लिहिलं : ‘दोनदा बाय पार्ट्‌स केलं, मूळ I च परत आला. चूक नसेल कदाचित. उद्या I डावीकडे घेऊन बघायचं. आधी दुसऱ्या पायरीतलं चिन्ह तपास.’

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं I डावीकडे नेला, तो 13/4 पट झाला आणि उत्तर आलं :

I = e²ˣ (2 sin 3x − 3 cos 3x) / 13 + c

टिपण कसं असावं ते या उदाहरणात दिसतं. ‘इंटिग्रेशन राहिलं’ असं लिहून काही होत नाही. कुठे थांबलो आणि पुढची एक हालचाल कोणती, या दोन गोष्टी हव्यात. एखादी शंका असेल तर तीही.

मग सात मिनिटं उठायचं. पाणी, गॅलरी, आईला कोथिंबीर निवडून देणं, काहीही. फोन नाही. तत्त्व म्हणून नव्हे, साधा हिशोब आहे : आपण डोक्यातून इंटिग्रेशन काढून तिथे काहीच न ठेवण्यासाठी उठलो, आणि फोन तिथे दहा नव्या अर्धवट गोष्टी ठेवतो. मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलं तर ते मूळ गणितापेक्षाही चिकट.

शेवटची पाच मिनिटं पुढच्या विषयात शिरण्याची. नव्या मजकुरानं सुरुवात करायची नाही. आधी त्या विषयातलं येणारं काहीतरी करायचं. केमिस्ट्री असेल तर काल पाठ झालेल्या तीन रिॲक्शन्स, फिजिक्स असेल तर त्या धड्यातली सूत्रं एककांसह. रिक्षावाला चढावर आधी पहिल्या गिअरमध्ये घेतो तसं. हलक्याकडून जडाकडे जाताना ही पाच मिनिटं जास्त महत्त्वाची असतात. मुलं नेमकी तीच गाळतात, कारण ‘येतंय ते पुन्हा कशाला?’

तिचा एक दिवस

क्लास नसलेला बुधवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा.

सव्वासहा ते पावणेआठ गणित : बाय पार्ट्‌सचे नवे प्रकार. जड, चिन्हांचं काम. पंधरा मिनिटांचा सांधा. आठ ते पावणेनऊ केमिस्ट्री : ग्रुप १६ आणि १७ न बघता लिहून काढणं, मग पुस्तकाशी ताडून लाल पेननं सुटलेलं भरणं. हलकं, शब्दांचं. त्यानंतर आंघोळ-नाश्ता. घरात या वेळी मिक्सर, कुकर, टीव्ही सगळं एकदम चालू असतं. तिथे अभ्यास कोंबण्यात अर्थ नव्हता.

दहा ते साडेअकरा फिजिक्स : कपॅसिटरची जोडणी आणि डायइलेक्ट्रिक घातल्यावर काय बदलतं. दुसरी जड बैठक. सकाळचं इंटिग्रेशन संपून सव्वादोन तास झाले होते, म्हणून चिन्हांचंच काम असूनही चाललं. पावणेबारा ते साडेबारा मराठी : उपयोजित मराठीतला अहवाललेखन हा घटक. विषय तिनं स्वतः निवडला, कॉलेजातल्या वृक्षारोपणाचा अहवाल. मग जेवण.

पावणेदोन ते अडीच फिजिक्सच्या आकृत्या आणि एक येणारं डेरिव्हेशन, हात चालणारं काम. तीन ते सव्वाचार केमिस्ट्री : अल्डिहाइड-कीटोनच्या रिॲक्शन्स. तिसरी बैठक, सव्वा तासाचीच, आणि शब्द-आकारांची, म्हणून आकडेमोड करून दमलेल्या डोक्याला ती पेलते. साडेचार ते पाच इंग्रजीचा एक लेखनप्रकार. त्यानंतर चार तास काहीही नाही. बाहेर फिरणं, घरकाम, जेवण, भावाशी भांडण.

रात्री नऊ ते पावणेदहा ओळखीच्या प्रकारांची गणितं, बहुतेक मॅट्रिक्स किंवा लॉजिक. रात्री नवीन काही नाही.

बेरीज केली तर पावणेआठ तास भरतात, त्यात सव्वाचार तास जड. जुन्या वेळापत्रकातही तिचे आठच तास व्हायचे. पहिल्या आठवड्यात फुल्या निम्म्याहून खाली आल्या, पण मी त्यावर फार भरवसा ठेवला नाही. नवीन वेळापत्रकाचा पहिला आठवडा कुणाचाही चांगला जातो. तिसऱ्या आठवड्यातही फुल्या कमी राहिल्या तेव्हा मानलं.

कुठे बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

सर्वांत जास्त दिसणारा बिघाड म्हणजे हलकं काम फुगणं. पंचेचाळीस मिनिटांच्या आकृत्या दीड तास चालतात, शेडिंग होतं, चार रंग येतात. खूण सोपी : हलकं काम संपवायचा कंटाळा येत असेल तर आपण पुढच्या जड बैठकीला टाळतोय. घड्याळ लावा आणि अर्धवट आकृती अर्धवटच सोडा.

दुसरा बिघाड हळू येतो, म्हणून जास्त घातक. एखादा विषय कायमचा ‘हलका’ होऊन बसतो. भाचीच्या बाबतीत केमिस्ट्री. गणित-फिजिक्सच्या मागे पाचर म्हणून ती रोज दोनदा यायची, पण नेहमी पाठांतराच्या रूपात. सॉलिड स्टेट आणि आयोनिक इक्विलिब्रियामधली गणितं तीन आठवडे कुणी शिवली नव्हती. प्रत्येक विषयाला आठवड्यातून किमान दोन वेळा पहिली, म्हणजे सकाळची बैठक मिळते का, ते रविवारी वहीतून मोजा. नसेल तर पुढच्या सोमवारी गणिताला खाली उतरवा.

तिसरं, तुकडे फार बारीक करणं. ‘बदल चांगला’ असं ऐकलं की काही मुलं वीस-वीस मिनिटांचे विषय लावतात. प्रत्येक बदलाला पंधरा मिनिटांचा सांधा लागतो हे लक्षात घेतलं तर हिशोब कसा बुडतो ते दिसेल. जडाला सव्वा ते दीड तास, हलक्याला अर्धा ते पाऊण तास, याखाली जाऊ नका.

याच्याशी आणखी एक गोष्ट लोक मिसळतात. गणितात वेगवेगळ्या प्रकारांची उदाहरणं सरमिसळ करून सोडवली तर नंतरच्या परीक्षेत फायदा होतो, हे रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये दाखवलं आहे. पण ती सरमिसळ एकाच विषयाच्या एकाच बैठकीत होती, आणि तिचा उद्देश कुठे कोणती रीत लावायची हे ओळखायला शिकणं हा. सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्‌स आणि पार्शल फ्रॅक्शन्स एकत्र मिसळून सोडवा, जरूर. दर वीस मिनिटांनी गणित-केमिस्ट्री-इंग्रजी असं करायला तो आधार नाही.

हा क्रम कधी मोडायचा

परीक्षेत कुणी जड-हलकं बघून प्रश्न लावत नाही. बोर्डाचा गणिताचा पेपर तीन तासांचा, ८० गुणांचा, एकाच विषयाचा. दीड तासानंतर मराठीकडे वळण्याची सवय लागलेल्या डोक्याला तिथे त्रास होतो. म्हणून जानेवारीपासून आठवड्यातला एक दिवस, आम्ही रविवार घेतला, अकरा ते दोन एकच विषय, पूर्ण पेपर, मध्ये उठणं नाही. त्या दिवशी दुपारी फक्त पेपर तपासणं आणि चुका वहीत उतरवणं. दुसरी जड बैठक नाही.

सीईटीचं उलट आहे. तिथे पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न एकत्र, नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०. म्हणजे पहिल्या भागात दर प्रश्नाला एक मिनिटही नाही, आणि तेवढ्यात कपॅसिटरवरून अमाइन्सवर उडी मारायची. त्यामुळे बोर्ड संपल्यावर सांधाच काढून टाकायचा. फिजिक्सचे दहा, केमिस्ट्रीचे दहा, पुन्हा फिजिक्सचे दहा, घड्याळ लावून, मध्ये श्वास घ्यायलाही न थांबता. पहिल्या दोन-तीन वेळा गुण पडतील, ते धरूनच चाला. या सरावात मोजायचं ते एवढंच की विषय बदलल्यावरच्या पहिल्या दोन प्रश्नांत किती चुका झाल्या. भाचीच्या पहिल्या सरावात तिच्या सात चुकांपैकी पाच तिथेच होत्या, आणि पाचही चुका तिला येणाऱ्या प्रश्नांत. तेव्हापासून ती विषय बदलला की पहिल्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचते, काय काढायचंय ते बघते, आणि मग वरून सुरू करते. चौथ्या सरावात तिथल्या चुका दोनवर आल्या.